आवाज एक, लेखण्या अनेक : आपण नेमकं काय तपासतो?



एक चूक कबूल करतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या विशेषांकाचं संपादन माझ्याकडे होतं. सहा पाहुणे लेखक होते. अंकाचा आवाज एकसारखा राहावा म्हणून मी सगळ्यांची भाषा 'नीट' केली. एका ताईंनी लिहिलं होतं, "माही माय म्हने, आपल्याले विहिरीवर चढू देत नव्हते." मी केलं, "माझी आई सांगत असे की, अस्पृश्यांना विहिरीवर प्रवेश नव्हता." अंक छापून झाल्यावर ताई एवढंच म्हणाल्या, "हे माह्यं नाही." त्यानंतर त्यांनी आमच्यासाठी लिहिलं नाही.

त्या वाक्यात मी काय बिघडवलं? बोली गेली हे उघडच आहे. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे 'आपल्याले'चं 'अस्पृश्यांना' झालं. आतून बोलणारी बाई मी बाहेरून बोलणारी केली. त्याच अंकात एका प्राध्यापकांचा लेख होता: "दलितांनी शिकले पाहिजे, त्यांनी व्यसने सोडली पाहिजेत." व्याकरण चोख होतं, म्हणून मी हात लावला नाही. खरं तर अंकाचा आवाज तिथेच फाटला होता. बाकीचे पाच लेख 'आपण' म्हणत होते, हा एक 'त्यांनी' म्हणत होता.

माझं म्हणणं असं की, आवाज प्रमाण भाषेत नसतो. लिहिणारा कुठे उभा राहून कोणाशी बोलतो, यात तो असतो. ही जागा सगळ्यांची एक असावी. बोली ज्याची त्याची.

हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. 1927 च्या 'बहिष्कृत भारत'चा मोठा भाग बाबासाहेब स्वतः लिहीत. लेखणीच एक, त्यामुळे आवाजही एक. 1930 मध्ये 'जनता' सुरू झालं ते देवराव नाईकांच्या संपादकत्वाखाली, आणि तिथे लिहिणारे हात अनेक होते. हात वाढले की एकसारखेपणा आपोआप येत नाही, तो ठरवावा लागतो.

आता आम्ही लेखकाला विषयासोबतच एक पानाचं शब्दपत्रक देतो. लेख आल्यावर नाही, लिहिण्याआधी. त्यात तीनच गोष्टी आहेत.

पहिली, 'आपण'. लेखक समाजाबाहेरचा असेल तर त्याने खोटं 'आपण' लिहू नये, 'मी' लिहावं. पण उपदेशाचं 'त्यांनी' नको.

दुसरी, कर्ता. "वस्तीवर हल्ला झाला" असं लिहिलं की हल्ला करणारा वाक्यातून पळून जातो. कोणी केला ते लिहायचं. मात्र न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत 'आरोपी' हाच शब्द.

तिसरी, नेमके शब्द. 'बौद्ध', 'दलित' आणि 'अनुसूचित जाती' हे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. बौद्ध हा धम्म, अनुसूचित जाती हा कायद्यातला प्रवर्ग, दलित हा चळवळीतून रुजलेला शब्द. एका लेखकाने लिहिलं होतं, "1956 पासून बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या." दोन्ही शब्द एकच समजल्यामुळे झालेली ही चूक. धम्मदीक्षा 1956 ची, पण केंद्राच्या कायद्यात बौद्धांचा समावेश 1990 मध्ये झाला. मधली 34 वर्षं त्या एका वाक्यात गडप झाली होती. म्हणून हे शब्द सरसकट बदलायचे नाहीत, प्रत्येक ठिकाणी अर्थ पाहायचा. कोणाचं बोलणं किंवा कायद्याचं नाव असेल तर मूळ शब्द तसाच ठेवायचा.

तपासणी सोपी आहे. सगळ्या लेखांचे पहिले आणि शेवटचे परिच्छेद नावं झाकून ओळीने मोठ्याने वाचा. 'त्यांनी', 'त्या लोकांना' आणि 'झाले', 'करण्यात आले' यांच्याखाली रेघ मारा. एखाद्याच लेखात रेघा दाटल्या तर तो लेख बाहेर उभा आहे. दुरुस्ती मात्र स्वतः करू नका. खुणा करून लेख लेखकाकडे परत पाठवा आणि त्याचा होकार आल्यावरच छापा. याला चार-पाच दिवस जास्त लागतात. ते आधीच धरून चला, नाहीतर घाईत संपादकच पुन्हा सगळं स्वतःच्या भाषेत लिहून टाकतो. मी तेच केलं होतं.

काही जण म्हणतील, मग मतांचं काय? मतं या पत्रकात येत नाहीत. आरक्षणातल्या उपवर्गीकरणावर आपल्यातच दोन बाजू आहेत. दोन्ही नावानिशी छापा. एका आवाजाच्या नावाखाली मतभेद कापणं म्हणजे सेन्सॉरशिप.

ताईंचा मूळ लेख माझ्याकडे अजून आहे. पुढच्या अंकात तो जसाच्या तसा छापू का, असं मी त्यांना विचारलंय. उत्तर यायचंय.