इंधन दुप्पट, वेग दुप्पट नव्हे

‘इंधन दुप्पट भरले की रॉकेटचा वेगही दुप्पट वाढेल’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान चुकीचे आहे. जादा इंधन जळेपर्यंत ते रॉकेटलाच वाहून न्यावे लागते, हे त्यात सुटले.

रॉकेट थोडा वायू मागे फेकते, तेव्हा मिळणारी वेगवाढ म्हणजे वायूचा वेग गुणिले फेकलेले वस्तुमान, भागिले त्या क्षणी उरलेले वस्तुमान. भाजक सतत घटतो, म्हणून तोच एक किलो वायू सुरुवातीला कमी आणि शेवटी जास्त वेग देतो. वस्तुमानांच्या अशा सूक्ष्म अपूर्णांकांची बेरीज म्हणजेच सुरुवातीच्या आणि अंतिम वस्तुमानाच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम; त्याला वायूच्या वेगाने गुणले की एकूण वेगवाढ मिळते. त्सिओल्कोव्स्की यांनी १९०३ मध्ये हे सूत्र प्रसिद्ध केले.

वायूचा वेग सेकंदाला ३ किमी आणि रिकामे रॉकेट २५ टनांचे धरू. गुरुत्वाकर्षण व हवेचा विरोध बाजूला ठेवू. २५ टन इंधनाने गुणोत्तर २ होते, वेगवाढ सेकंदाला सुमारे २.०८ किमी. इंधन ५० टन केले तर ३.३० किमीच. दुप्पट वेगवाढीला ७५ टन लागतात आणि तिप्पटीला १७५! शिवाय मोठ्या टाकीचे वजन मी धरलेलेच नाही. ते धरले तर हिशेब आणखी बिघडतो. रिकामे टप्पे वाटेत टाकून देतात ते याचसाठी.

— एक वाचक, पुणे