बाईंची चिठ्ठी आणि मटकीचा डबा



दिवाळीच्या सुट्टीआधी नातवाच्या दप्तरातून एक चिठ्ठी आली. नातू दुसरीत आहे, मराठी माध्यमात. प्रगतिपुस्तक वेगळे, ही चिठ्ठी वेगळी. वर्गाच्या बाईंनी वहीचा कागद फाडून दोन्ही बाजूंनी हाताने लिहिलेली. त्यात होते की त्याला दहा शब्द घातले, चार बरोबर आले, आणि न शिकवलेला पन्नास शब्दांचा उतारा वाचायला त्याला दोन मिनिटे लागली.

घरात शांतता पसरली. सूनबाई म्हणाली, "आई, मी रोज पानभर लिहून घेते त्याच्याकडून, तरी असं कसं?" मुलगा म्हणाला, "दहापैकी चार? उद्यापासून ट्यूशन लावूया." आणि मला तर बाईंचा रागच आला. ज्या मुलाला णमोकार, चोवीस तीर्थंकरांची नावे लांछनांसकट आणि मेरी भावना घडाघडा येते, त्याला वाचता येत नाही म्हणजे काय!

दोघेही झोपल्यावर मी चष्मा लावून चिठ्ठी पुन्हा वाचली. तेव्हा कळले की आम्ही तिघांनीही फक्त आकडा वाचला होता, चिठ्ठी वाचलीच नव्हती.

बाईंनी चुकलेले शब्द जसेच्या तसे लिहिले होते. पुस्तकचे त्याने लिहिले 'पुसतक', रस्त्याचे 'रसता', गोष्टचे 'गोशट', चंद्रचे 'चंदर', सूर्यचे 'सुरय' आणि पाणीचे 'पानी'. बरोबर आलेले शब्द होते मामा, गाडी, बाजार, करतो. खाली बाईंचे वाक्य होते : "या सहा चुका नाहीत, दोनच आहेत. पाच शब्दांत जोडाक्षर सुटले आहे आणि एका शब्दात ण. अक्षरे आणि मात्रा त्याला पक्क्या येतात."

मी बी.कॉम. झाले तेव्हा आम्हाला शिकवले होते की तेरीज जुळली नाही आणि फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता असते; ५४ चे ४५ लिहिले गेले असेल. म्हणजे चूक किती रुपयांची यापेक्षा ती कोणत्या जातीची हे कळले की शोधायचे कुठे ते कळते. बाईंनी नेमके तेच केले होते. ट्यूशनवाल्याने त्याला पुन्हा क, ख, ग पासून सुरू केले असते, जे त्याला आधीच येते.

पुढचा भाग मला फार आवडला. मुलगा 'पुसतक' का लिहितो? बाईंनी लिहिले होते की तो कानाने ऐकून लिहितो आणि त्याचा कान खोटे बोलत नाही. आपण 'करतो' म्हणतो तेव्हा र पूर्ण उच्चारत नाही, म्हणतो 'कर्-तो'. पण लिहिताना र पूर्ण लिहितो. मुलाने हा नियम मनात धरला : ऐकू येवो अर्धे, लिहायचे पूर्ण. मग 'पुस्-तक'सुद्धा त्याने त्याच नियमाने पूर्ण लिहिले. इतकी वर्षे मराठी लिहीत आले, पण ही गंमत माझ्या कधी लक्षात आली नव्हती.

चिठ्ठीत एक तक्रारवजा ओळही होती, आणि ती माझ्यावरच होती, बाईंना ठाऊक नसले तरी. "शिकवलेला धडा तो न अडखळता म्हणतो, पण बोट एका शब्दावर असते आणि तोंड पुढच्या शब्दावर. मी मधेच पुस्तक मिटले तरी त्याचे 'वाचन' चालूच राहिले."

दुसऱ्या दिवशी दर्शनाहून आल्यावर मी देवघरातल्या णमोकाराच्या तसबिरीजवळ त्याला नेले आणि तिसऱ्या ओळीतल्या 'आयरियाणं'वर बोट ठेवून विचारले, "हे काय लिहिलंय?" त्याने पहिल्यापासून मनातल्या मनात म्हणायला सुरुवात केली, ओठ हलताना दिसले, तिसऱ्या ओळीला पोहोचला आणि मग शब्द सांगितला. मैत्रिणींनो, मी त्याला चौथ्या वर्षापासून रोज त्या तसबिरीसमोर बसवते. तो वाचतो आहे अशी माझी समजूत होती.

पाठांतर वाईट असे मी म्हणणार नाही. पण तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार ज्या क्रमाने येतात तो बघा : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश. शुद्ध उच्चाराने पुन्हा पुन्हा म्हणणे, म्हणजे आम्नाय, चौथे येते. त्याआधी वाचणे आहे, विचारणे आहे, मनात घोळवणे आहे. आम्ही घरी आणि रविवारच्या पाठशाळेतही चौथ्यापासूनच सुरुवात करतो आणि तिथेच बक्षीस देऊन थांबतो.

ण च्या बाबतीत मात्र पाठांतरच कामी आले. आमच्या घरी, आमच्या सांगलीकडे म्हणाल तरी चालेल, बोलताना पानी, आनी, कोन असेच होते. घरात ऐकूच येत नसेल तर मूल ण लिहिणार कुठून? पण हाच मुलगा 'णमो' म्हणताना ण अगदी स्वच्छ म्हणतो. मग मी त्याला सांगितले, "णमोतला ण पाण्यात घाल." दोन-तीन दिवस सगळे घर पा-णी, पा-णी करत होते, पण जमले.

आता चिठ्ठीतली पुढची पायरी. बाईंनी पुढच्या दोन महिन्यांचे एवढेच काम दिले होते : आधी ज्या अक्षरांना शेवटी उभी पाई आहे, स, त, न, ल, थ, व अशी, त्यांची जोडाक्षरे, कारण पाई काढली की अर्धे अक्षर तयार होते आणि मुलाला ते डोळ्यांनी दिसते. मग ट, ड, ह अशी पाई नसलेली. र सगळ्यात शेवटी, कारण तो सूर्यमध्ये डोक्यावर बसतो, चंद्रमध्ये पायाशी जातो, आणि मुले तिथे हमखास गोंधळतात. ऱ्हस्व-दीर्घाला अजिबात हात लावू नका, असेही होते. 'सुरय'मधला सु ऱ्हस्व झाला तो चुकलाच आहे, पण आत्ता सांगितला तर जोडाक्षरही राहील आणि उकारही.

घरी काय करायचे? रोज दहा मिनिटे. एक शब्द दाखवायचा, झाकायचा, त्याने आठवून लिहायचा, मग उघडून त्यानेच ताडून बघायचा. पानभर उतारे लिहायला लावू नका, कारण मूल एकेक अक्षर बघून चित्रासारखे उतरवते, शब्द डोक्यात जातच नाही. सूनबाईच्या कष्टाचे असे का झाले ते इथे कळले. आणि वाचायला रोज चार ओळी नव्या, न ऐकलेल्या.

मी माझे स्वयंपाकघर कामाला लावले. डब्यांवरच्या जुन्या चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि नवीन लिहायचे काम त्याला दिले. ज्वारी, मेथ्या, गव्हाचे पीठ हे पाईवाले आधी. लाह्या, कुरड्या नंतर.

मधे एकदा त्याने मला पकडले. मी सांगत होते, "करतोमध्ये कर हा शब्द आहे, त्याला तो लागला, म्हणून र पूर्ण. बसलामध्ये बस आहे. पुस्तकमध्ये पुस असा काही शब्द नाही, म्हणून स अर्धा." तो म्हणाला, "आज्जी, मग रस्तामध्ये रस आहे की! आंब्याचा." मी निरुत्तर. शाळेत बाईंना विचारून आला : रस्त्याचा आणि रसाचा काही संबंध आहे का, ते आधी बघायचे. म्हणजे नुसते ऐकून भागत नाही, अर्थही लागतो.

तीन आठवड्यांनी मटकीच्या डब्यावर चिठ्ठी लागली, 'मट्की'. खाली चिरमुऱ्यांच्या डब्यावर 'चिर्मुरे'. आणि वहीत, जो शब्द आधी बरोबर होता तो, 'कर्तो'. मुलगा म्हणाला, "बघ आई, येत होतं ते पण गेलं." मी त्याला बाईंच्या चिठ्ठीची शेवटची ओळ दाखवली : "जोडाक्षर कळू लागले की काही दिवस तो नको तिथेही जोडेल. ओरडू नका, ते शिकल्याचेच लक्षण आहे." ही ओळ नसती तर त्या दिवशी पोराला नक्की बोलणी बसली असती.

आता माझे मत. प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदी असतात. 'वाचनात रस घेतो', 'अक्षर वळणदार आहे', 'आणखी सराव आवश्यक'. त्या छापील नमुन्यांतून उतरवल्या जातात हे आपल्यालाही माहीत आहे. सराव आवश्यक, पण कशाचा? शिक्षण हक्क कायद्याच्या २४व्या कलमात पालकांना भेटून मुलाची शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य म्हटले आहे. 'ब-१' ही श्रेणी सांगून ते होत नाही. निपुण भारतमध्ये दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत असे ध्येय आहे. आमचा मिनिटाला पंचवीस वाचत होता, हे मला कळायलाच हवे. पण पंचवीसच का, हे कळल्याशिवाय पंचेचाळीस होणार नाहीत. त्याच्या उताऱ्यात नऊ ठिकाणी अडखळणे झाले, त्यातली सात जोडाक्षरे होती. वेळ तिथे जात होता.

एका वर्गात तीस-चाळीस मुले, सगळ्यांना दोन पाने कोण लिहील? मान्य. पण तीन ओळी पुरतात : काय वाचायला दिले, कोणत्या जातीची चूक झाली, पुढच्या भेटीपर्यंत घरी काय एक करायचे. आणि बाया लिहीत नाहीत त्याला आपणही कारण आहोत. अशी चिठ्ठी आली की आपण आमच्यासारखेच आधी चिडतो. शाळेत जाऊन "आमच्या मुलाला ढ म्हणता का" असे विचारणारे पालक मी पाहिले आहेत. मग कोण कशाला खरे लिहील? 'वाचनात रस घेतो' लिहिलेले बरे.

एक मर्यादाही सांगते. प्रत्येक मुलाची गोष्ट इतकी सरळ नसते. बाईंनीच लिहिले होते की आधी डोळे तपासून घ्या, ते आम्ही घेतले. दोन-तीन महिने नीट सराव होऊनही साधी अक्षरेच उलटसुलट होत असतील, घ आणि ध, भ आणि म रोज नव्याने चुकत असतील, तर शाळेशी बोलून तज्ज्ञाला दाखवावे. तिथे डबे आणि आज्जी पुरत नाहीत.

बाईंच्या चिठ्ठीच्या मागे उत्तरासाठी जागा सोडलेली होती. जानेवारीत सूनबाईने तिथे लिहिले : पाईवाली जोडाक्षरे दहापैकी नऊ येतात, ह आणि ड अजून सहाच, र सुरू केला नाही. नवा उतारा, पन्नास शब्द, एक मिनिट वीस सेकंद. ण बोलताना विसरतो, लिहिताना नाही. णमोकारातला मधला कोणताही शब्द दाखवला तर पहिल्यापासून न म्हणता सांगतो.

मटकीच्या डब्यावरची चिठ्ठी त्याने परवा स्वतःच बदलली. जुनी मी तत्त्वार्थसूत्राच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवली आहे.