रांग आधी, सरासरी नंतर

बँकेच्या कॉल सेंटरमध्ये भिंतीवर एक मोठा पडदा असतो. रांगेत थांबलेले ग्राहक, एका कॉलला लागणारा सरासरी वेळ आणि उत्तर मिळण्यापूर्वीच फोन ठेवून देणाऱ्यांचे प्रमाण हे तीन आकडे त्यावर सतत दिसत राहतात. तिन्ही आकडे खरेच असतात. परंतु ते सारख्याच आकाराच्या चौकटींत शेजारी शेजारी मांडले, तर अडचण सुरू झाल्यावरही पडदा हिरवाच राहू शकतो.

समजा, महिन्याची पहिली तारीख आहे. सकाळी ८ ते ११.३० या वेळेत ९०० कॉल आले आणि २७ ग्राहकांनी कंटाळून फोन ठेवला. हे प्रमाण ३ टक्के झाले. ११.३० वाजता एटीएम कार्डे चालेनाशी झाली. पुढील अर्ध्या तासात २०० कॉल आले आणि २४ जणांनी फोन ठेवला. म्हणजे शंभरांतील बारा. पडद्यावर मात्र दिवसभराचा हिशोब असतो : ११०० पैकी ५१, म्हणजे सुमारे ४.६ टक्के. मर्यादा ५ टक्क्यांची असेल, तर रंग बदलतच नाही.

सरासरी वेळेचा आकडाही असाच मागे राहतो. तो केवळ पूर्ण झालेल्या कॉलवरून काढला जातो. नव्या तक्रारीला बारा मिनिटे लागत असतील, तर पहिली बारा मिनिटे त्या आकड्यात तिचा मागमूसही नसतो. तेवढ्यात रांग वाढलेली असते.

म्हणून पडद्यावर सर्वांत वर आणि सर्वांत मोठ्या अक्षरांत, रांगेतील सर्वाधिक थांबलेला ग्राहक किती वेळ थांबला आहे, हे असावे. त्याच्या शेजारी रांगेची संख्या आणि मोकळे कर्मचारी किती, हे यावे. फोन सोडणाऱ्यांचे प्रमाण त्याखाली, गेल्या अर्ध्या तासाचे द्यावे. दिवसाचा आकडा बारीक अक्षरांत पुरे. चुकून लागलेला फोन पहिल्या काही सेकंदांतच ठेवला जातो. असे कॉल वगळले असल्यास ती सेकंदांची मर्यादा आकड्याखालीच लिहावी, अन्यथा दोन केंद्रांची तुलना व्यर्थ ठरते.

सरासरी वेळ मात्र भिंतीवर नसावी. ती दिसत राहिल्याने शिस्त राहते, असे व्यवस्थापनातील काहींचे मत असते. परंतु घड्याळाकडे पाहत बोलणारा कर्मचारी तक्रार अर्धवट सोडवतो. तोच ग्राहक पुन्हा फोन करतो आणि रांग लांबते. हा आकडा पर्यवेक्षकाच्या संगणकावर, चालू कॉलच्या कालावधीसह असावा. तेथे एखादा कॉल लांबलेला दिसला, की पर्यवेक्षकाने त्या कर्मचाऱ्याजवळ जाऊन मदत करावी. भिंतीवरचा पडदा रांगेत थांबलेल्या ग्राहकासाठीच राखून ठेवावा.