हृदयाच्या एमआरआयमधील पांढरा डाग : व्रणवस्तू की शोथ?

कळंबोलीसारख्या वस्तीत व्यवसाय करणाऱ्या वैद्यांपुढे आता हृदयाच्या एमआरआयचे अहवालही येऊ लागले आहेत. लोखंड बाजारातला हमाल असो वा ट्रकचालक, मोठ्या रुग्णालयातून बाहेर पडला की तो फाइल घेऊन आपल्याकडे येतो आणि विचारतो, "वैद्यबुवा, हृदयावर डाग आहे म्हणतात. तुमच्या औषधाने जाईल का?" या प्रश्नाला आपल्यापैकी काहीजण फार घाईने उत्तर देतात, असे माझे स्पष्ट मत आहे. आणखी काहीजण सहा महिन्यांनी दुसरा एमआरआय करवून 'डाग निम्मा झाला' असे सांगतात. त्यातला धोका समजण्यासाठी हा डाग मुळात काय असतो, हे पाहिले पाहिजे.

अहवालात त्यास 'लेट गॅडोलिनियम एन्हान्समेंट' म्हटलेले असते. गॅडोलिनियमचे संयुग शिरेतून दिले जाते. मात्रा साधारणतः वजनाच्या दर किलोस ०.१ ते ०.२ मिलिमोल. हे द्रव्य जिवंत पेशींच्या आत शिरत नाही, केवळ पेशींमधल्या मोकळ्या जागेत फिरते. निरोगी हृत्पेशी एकमेकींना इतक्या खेटून असतात की त्यांच्यामध्ये जागा फारच थोडी. म्हणून तेथून द्रव्य लवकर धुऊन जाते. जेथे पेशी मेल्या आहेत, तेथे मात्र ते रेंगाळते. त्यामुळेच इंजेक्शननंतर सुमारे दहा ते पंधरा मिनिटे थांबून छायाचित्रे घेतात. 'लेट' या शब्दाचा अर्थ एवढाच. तंत्रज्ञ यंत्राची वेळ अशी जुळवतो की निरोगी स्नायू काळा दिसावा. मग द्रव्य धरून ठेवणारा भाग पांढरा उठून दिसतो. ही वेळ चुकली तर निरोगी स्नायू करडा दिसतो आणि डाग त्यात लपू शकतो.

आता मुख्य मुद्दा. द्रव्य रेंगाळण्याची कारणे एकाहून अधिक आहेत. झटका ताजा असेल तर पेशींची आवरणे फुटलेली असतात आणि द्रव्य थेट त्यांच्या आत शिरते. काही महिन्यांनी त्याच जागी कोलॅजनच्या तंतूंचे जाळे तयार होते, त्याच्या विरळ पोकळीतही ते साठते. मायोकार्डायटिस म्हणजे हृत्स्नायूच्या शोथातही पेशीनाश आणि सूज यांमुळे तेच घडते. अर्थात पांढरा रंग 'येथे जागा वाढली आहे' इतकेच सांगतो. ती जागा व्रणवस्तूची की शोथाची, हे एकट्या त्या रंगावरून ठरत नाही. आपल्या परिभाषेत शोथ हा शब्द सूज आणि दाह दोहोंसाठी वापरला जात असल्याने घोटाळा आणखी वाढतो.

फरक कळतो तो डागाच्या जागेवरून. रोहिणी तुंबून झालेला पेशीनाश हृदयाच्या आतल्या अस्तराकडून सुरू होतो आणि बाहेर पसरत जातो, कारण रक्तपुरवठ्याची ओढाताण आतल्या थराला प्रथम भोवते. शिवाय तो एखाद्या रोहिणीच्या क्षेत्रातच असतो. मायोकार्डायटिसचा डाग सहसा बाहेरच्या थरात किंवा भिंतीच्या मध्यात, विशेषतः पार्श्वभिंतीत, आढळतो आणि आतला थर सोडून देतो. डागाची खोली का महत्त्वाची, हे शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील किम, जड आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले. रक्तपुरवठा पूर्ववत करण्याच्या उपचारापूर्वी मंद हालणाऱ्या ज्या भागांत डाग मुळीच नव्हता, अशा ३२९ पैकी २५६ भागांची हालचाल नंतर सुधारली. जेथे डागाने भिंतीची पाऊण जाडी ओलांडली होती, अशा ५८ पैकी केवळ एका भागाची सुधारली. म्हणून 'डाग आहे' एवढे वाक्य अपुरे आहे. तो कोठे आहे आणि किती खोल, हे वाचले पाहिजे.

ताजेपणा ठरवण्यासाठी दुसऱ्या प्रकारची छायाचित्रे लागतात. 'टी-२' छायाचित्रांत पाणी म्हणजे सूज उजळ दिसते. टी-२ उजळ आणि डागही उपस्थित, तर व्याधी बहुधा नवी. डाग आहे पण सूज नाही, तर बहुधा जुनी व्रणवस्तू.

एक कल्पित रुग्ण घेऊ. चौतीस वर्षांचा माथाडी कामगार. आठवडाभर ताप-खोकला, मग छातीत दुखणे. ट्रोपोनिन वाढलेले, अँजिओग्राफी निर्दोष. दहाव्या दिवशीच्या एमआरआयमध्ये पार्श्वभिंतीच्या बाहेरच्या थरात डाग, तेथेच सूज. निदान मायोकार्डायटिस. घरी आल्यावर तो आपल्याकडे येतो आणि आपण त्यास अर्जुनारिष्ट देतो. सहा महिन्यांनी सूज नाहीशी, डाग अर्ध्याहून लहान. श्रेय कोणाचे? उत्तर असे, की औषध न घेतलेल्या अनेक रुग्णांतही हेच घडते. शोथ ओसरतो, सुजेने फुगलेली जागा आकसते, उरलेली व्रणवस्तू आक्रसते. हृद्रोहिणीच्या झटक्यातही पहिल्या दिवसांत मोजलेला डाग पुढच्या काही महिन्यांत आपोआप लहान होतो, कारण आरंभी सूज डागाला फुगवून दाखवते. म्हणून ताज्या व्याधीतील 'आधी' आणि 'नंतर'ची जोडी औषधाचा परिणाम सिद्ध करीत नाही. जे मत मांडायचे ते हेच : तशी जोडी आपल्या नियतकालिकांत वा औषधालयाच्या फलकावर छापू नये. औषधविक्रेत्या बंधूंनी हेही लक्षात ठेवावे की १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात हृद्रोगाचा समावेश आहे.

ज्यांना खरोखर तपासायचे असेल त्यांनी औषध न घेणारा तुलनागट ठेवावा, दोन्ही वेळी इंजेक्शननंतरचे अंतर सारखे ठेवावे आणि छायाचित्रे वाचणाऱ्यास कोणता रुग्ण कोणत्या गटातला हे कळू देऊ नये. यंत्र व पद्धत बदलली तरी डागाचा आकार बदलतो, हे विसरता कामा नये. याला खर्च येतो हे मान्य. पण त्यावाचून काढलेला निष्कर्ष पटणारा नाही.

त्या कामगाराविषयी मात्र आपण त्याच दिवशी काही करू शकतो. व्याधी सक्रिय असताना जड श्रम वर्ज्य. साधारण तीन ते सहा महिने, आणि कामावर परतण्यापूर्वी हृद्रोगतज्ज्ञांची पुन्हा तपासणी. कारण शोथयुक्त स्नायूत परिश्रमाच्या वेळी प्राणघातक अनियमित ठोके उद्भवू शकतात. येथे 'रोज शंभर सूर्यनमस्कार' सांगणारा सल्ला अपायकारक ठरेल, आणि त्याची सुरू असलेली आधुनिक औषधे थांबवण्याचाही. सूज गेल्यानंतरही डाग टिकून राहिला, तर ती व्रणवस्तू विद्युत्प्रवाहास वळसा घ्यायला लावते. अशा रुग्णात धडधड वा घेरी आली तर वाट पाहू नये.

आपल्या देशात आणखी एक गुंतागुंत आहे. क्षय आणि सार्कॉइडोसिस या दोन्हींत हृत्स्नायूतील डाग सारखेच दिसू शकतात. एमआरआय त्यांत निवाडा करीत नाही. छातीतील गाठीचा तुकडा तपासावा लागतो. एकात स्टिरॉइड हे मुख्य औषध, दुसऱ्यात क्षयविरोधी औषधांवाचून एकटे स्टिरॉइड घातक.

आणि एक व्यावहारिक बाब : तपासणीपूर्वी मूत्रपिंडाचे कार्य विचारावे. मूत्रपिंड गंभीर निकामी असताना जुन्या प्रकारच्या काही गॅडोलिनियम संयुगांमुळे त्वचा व सांधे ताठरणारा असाध्य विकार होतो, हे २००६ पासून लक्षात आले. आताच्या स्थिर संयुगांत तो धोका अत्यल्प आहे, तरी रुग्णाची फाइल आपल्या हाती आधी येत असेल तर क्रिएटिनिनची नोंद रेडिओलॉजिस्टपर्यंत पोहोचवावी.