‘पेनिसिलीन चालत नाही’ एवढ्यावर थांबू नका

घशात स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग झाला आणि रुग्णाला पेनिसिलीन चालत नसेल, तर दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले असे की, औषधाच्या दुकानातून ॲझिथ्रोमायसिन आणावे, तीन गोळ्यांत काम होते. दुसरे असे की, ताप उतरल्यावर अँटिबायोटिक चालू ठेवणे हा उगाच अंगावर मारा. दोन्ही मते चुकीची आहेत.

समजा, माजिवड्यातल्या एखाद्या दवाखान्यात आठ वर्षांची, 25 किलो वजनाची मुलगी आली आहे. तपासणीत स्ट्रेप्टोकोकस सापडला आहे आणि फाइलवर ‘पेनिसिलीनची ॲलर्जी’ असा शेरा आहे. डॉक्टर आधी त्या शेऱ्यामागची हकिगत विचारतात. काय झाले होते? डोस घेतल्यावर किती वेळाने? गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली का? आई सांगते, दोन वर्षांची असताना अमॉक्सिसिलीनच्या पाचव्या दिवशी अंगावर बारीक पुरळ आले होते, बाकी काही नाही. असे पुरळ पुष्कळदा मूळ विषाणूच्या तापाचेच असते. ॲलर्जीचा शेरा असलेल्या दहांपैकी नऊ जणांना तपासणीअंती पेनिसिलीन चालते.

तरीही आज धोका नको, म्हणून डॉक्टर सेफॅलेक्सिन निवडू शकतात: 500 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, दहा दिवस. मात्र अमॉक्सिसिलीननंतर लगेच गांधी उठल्या असत्या किंवा श्वास कोंडला असता, तर सेफॅलेक्सिन टाळले असते, कारण दोन्हींच्या रेणूंचा एक भाग मिळताजुळता आहे. तेव्हा ॲझिथ्रोमायसिन किंवा क्लिंडामायसिनची वेळ येते. ॲझिथ्रोमायसिन पेशींत टिकून राहते, म्हणून पाच दिवस पुरतात. पण पेनिसिलीनला हा जंतू अजून दाद देतो. ॲझिथ्रोमायसिनला न जुमानणारे त्याचे प्रकार मात्र आहेत. म्हणून ते पहिली पसंती नव्हे, आणि दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर पुन्हा दाखवायला हवे.

आता दुसरे मत. न्युमोनियासारख्या काही आजारांत उपचार कमी दिवसांचे झाले, हे खरे. 2019 साली स्वीडनमधल्या चाचणीत घशाच्या याच आजारावर पाच दिवसांचे पेनिसिलीनही बरे वाटण्याच्या बाबतीत दहा दिवसांइतकेच प्रभावी ठरले; पण तिथे ते दिवसातून चारदा दिले होते, आणि घशातून जंतू नाहीसे होण्याचे प्रमाण दहा दिवसांच्या गटात जास्त होते. आपल्याकडे प्रश्न जंतू नाहीसे करण्याचाच आहे. घसा बहुधा आपोआपही बरा होतो. औषध द्यायचे ते संधिवाताचा ताप टाळण्यासाठी. त्या तापात जंतूशी लढणारी प्रतिकारशक्ती हृदयाच्या झडपांवरही उलटते, आणि भारतात तो अजून संपलेला नाही. ताप उतरतो तेव्हा जंतू घशात असू शकतो.

म्हणून लिहून दिलेले दिवस पूर्ण करावेत. मध्येच गांधी उठल्या, चेहरा सुजला किंवा धाप लागली, तर औषध थांबवून तातडीने रुग्णालय गाठावे. नुसती मळमळ झाली, तर डॉक्टरांना विचारावे; ते औषध बदलून उपचार पूर्ण करून घेतील.