सेफ्टी लावलीय, म्हणजे नेमकं काय?

‘सेफ्टी लावलेली आहे, काही होत नाही.’ परवान्याचं हत्यार असलेल्या घरात हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. आपल्या भालकी, औराद, आळंद भागात अशी घरं मोजकीच, पण आहेत. एरवी ते हत्यार कपाटात असतं आणि पोरांना त्याचा पत्ताही नसतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ आली की काका ते बाहेर काढतात, घरातले सगळे भोवती जमतात आणि कुणीतरी हे वाक्य म्हणतं. कुठली सेफ्टी आणि ती काय अडवते, हे मात्र कुणी विचारत नाही.

आधी दोन शब्द पक्के करू. बोटानं ओढतो तो चाप. मागून आपटतो तो घोडा. बोलताना आपण ‘घोडा ओढला’ म्हणून दोन्हींची सरमिसळ करतो, पण इथं ती चालणार नाही. घोडा फायरिंग पिनवर आपटतो, पिन काडतुसाच्या बुडाला टोचते आणि गोळी सुटते. ही साखळी नको तेव्हा दोन वाटांनी सुरू होऊ शकते. एक, चाप ओढला जातो, मग तो बोटानं असो, कापडानं असो की किल्ल्यांच्या जुडग्यानं. दुसरी, चापाला काहीही न लागता, नुसत्या धक्क्यानं घोडा किंवा पिन हलते. कुठलीही सेफ्टी समोर आली की ती यातली कुठली वाट बंद करते, एवढंच आधी विचारायचं.

दुसऱ्या वाटेचं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे, पावणेपाचच्या सुमाराला, अभिनेता गोविंदा मुंबईतल्या आपल्या घरी कोलकात्याला निघायच्या तयारीत होता. परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, खाली पडलं आणि गोळी सुटली, असं त्याच्या व्यवस्थापकानं सांगितलं. गोळी डाव्या पायात गुडघ्याखाली शिरली आणि ती शस्त्रक्रिया करून काढावी लागली. बातमी आली त्या दिवशी बऱ्याच जणांनी विचारलं, ‘सेफ्टी लावली नव्हती का?’ हा प्रश्नच तिथं लागू पडत नाही. बहुतेक रिव्हॉल्व्हरना अंगठ्यानं लावायची सेफ्टी नसतेच. जुन्या घडणीच्या कित्येक रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याचं टोक थेट भरलेल्या काडतुसावर टेकलेलं असतं. घोड्यावर पडलं की तो धक्का सरळ काडतुसाला बसतो. म्हणून जुने लोक सहा घरांच्या चक्रात पाचच काडतुसं भरायचे आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचे. नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा आणि पिन यांच्यामध्ये एक पट्टी असते, आणि चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा मार पिनपर्यंत पोचत नाही. बाहेरून ती दिसत नाही, तिला कळही नसते.

आता पिस्तुलाकडं, म्हणजे मुठीत मॅगझिन असलेल्या हत्याराकडं येऊ. आपल्याकडं साध्या नागरिकाला ९ मिलिमीटरचं मिळत नाही, म्हणून घरोघरी असतं ते बहुधा ३२ बोअरचं.

अंगठ्यानं खालीवर करायची कळ ही सगळ्यांच्या ओळखीची सेफ्टी. ती पहिली वाट बंद करते. कळ लावलेली असताना चाप ओढला तरी घोडा सुटत नाही. कमरेला पिस्तूल खोचताना शर्टाचं टोक चापात अडकलं, तर वाचवते ती हीच. पण ती लावलेली असेल तरच, आणि इथंच गडबड होते. अमेरिकन सैन्यानं १९११ साली स्वीकारलेल्या कोल्ट पिस्तुलाची कळ वर केली की सेफ्टी लागते. वॉल्थर किंवा बेरेटाच्या स्लाइडवरची कळ खाली केली की लागते. म्हणजे एका पिस्तुलाचा सराव दुसऱ्यावर नेमका उलटा पडतो. बऱ्याच पिस्तुलांवर लाल ठिपका असतो आणि तो दिसला म्हणजे हत्यार गोळी सोडायला तयार आहे असा अर्थ. लाल म्हणजे बंद, असं समजणारे मी पाहिले आहेत. शिवाय नुसत्या चापाला अडवणारी कळ धक्क्याला अडवेलच असं नाही. तोंड खाली करून पिस्तूल फरशीवर आदळलं, तर काही जुन्या घडणींत पिन स्वतःच्या वजनानं पुढं सरकून काडतुसाला लागू शकते. त्यासाठी पिनेलाच अडवणारा वेगळा खिट्टा लागतो. कोल्टनं तो १९८३ च्या सुमारास आणला, मूळ पिस्तुलानंतर सत्तर वर्षांनी.

मुठीच्या मागची पट्टी, म्हणजे ग्रिप सेफ्टी, ही मला सगळ्यांत जास्त गैरसमज झालेली वाटते. मूठ घट्ट धरली की तळव्यानं पट्टी दाबली जाते आणि चाप मोकळा होतो. हात काढला की पुन्हा बंद. १९१४ साली सारायेवोत आर्चड्यूकवर ज्या ब्राउनिंगमधून गोळ्या झाडल्या, तिलाही ही पट्टी होती. ती लावायला विसरता येत नाही, हा तिचा मोठा गुण. पिशवीत किल्ली चापात अडकली, तर मूठ कुणी धरलेली नसल्यामुळं काही होत नाही. पण शर्टाच्या त्याच उदाहरणात बघा. पिस्तूल खोचताना आपण ते धरतो कशानं? मुठीनंच. पट्टी तेव्हा दाबलेली असते, म्हणजे सगळ्यांत धोक्याच्या क्षणी ती नसल्यासारखीच. म्हणून जाणकार लोक खोचताना तळवा थोडा सैल करून अंगठा पिस्तुलाच्या मागच्या बाजूला ठेवतात, म्हणजे पट्टी सुटलेली राहते.

लहान मुलांच्या बाबतीतही या पट्टीवर विसंबू नका. चापाला पोराचं एक बोट पुरत नाही, म्हणून ते पिस्तूल उलटं, तोंड स्वतःकडं करून धरतं आणि दोन्ही अंगठ्यांनी चाप ढकलतं. बाकीची बोटं तेव्हा मुठीच्या मागं, नेमकी पट्टीवर येतात.

तिसरा प्रकार डिकॉकर. नाव सेफ्टीच्या यादीत असलं तरी त्याचं काम वेगळं आहे. चेंबरमध्ये काडतूस आणि घोडा मागं ताणलेला, अशा वेळी हलका चाप, साधारण दोन-अडीच किलोचा, पुरेसा असतो. गोळी न सोडता घोडा खाली आणायचा तर पूर्वी एकच उपाय होता. अंगठ्यानं घोडा धरायचा, चाप ओढायचा आणि हळूहळू सोडायचा. घामेजलेला अंगठा निसटला की बार उडाला. वॉल्थर कंपनीनं १९२९ च्या पीपी पिस्तुलात कळ दिली. ती फिरवली की पिन आधी अडवली जाते आणि मग घोडा आपोआप खाली पडतो. म्हणजे डिकॉकर अडवतो तो अंगठा निसटण्याचा अपघात, बाकी काही नाही. घोडा खाली आल्यावर पहिल्या गोळीचा चाप लांब आणि जड होतो, पाच किलोच्या आसपास. चुकून ओढला जायची शक्यता त्यानं कमी होते, संपत नाही. काडतूस चेंबरमध्येच असतं. वॉल्थरची किंवा बेरेटाची कळ खाली राहून सेफ्टीचंही काम करते. सिग पी-२२६ ची कळ मात्र बोट काढताच उसळून वर येते आणि पिस्तूल पुन्हा तयार असतं. ‘डिकॉक केलंय’ या शब्दानं या दोन अवस्थांतला फरक कळत नाही. शिवाय पिन अडवणारे भाग झिजले असतील तर डिकॉक करतानाच गोळी सुटू शकते, म्हणून तेव्हाही तोंड भिंतीकडं नव्हे, जमिनीच्या मातीकडं हवं.

यातलं काहीही एका ठरलेल्या चुकीला अडवत नाही, आणि घरात होणाऱ्या अपघातांत ती चूक पुन्हा पुन्हा दिसते. समजा काकांना पिस्तूल ठाण्यात जमा करायचं आहे. ते आधी स्लाइड ओढतात. चेंबरमधलं काडतूस बाहेर उडतं. मग मॅगझिन काढतात. समोर एक सुटं काडतूस आणि मॅगझिन दिसतंय, म्हणजे पिस्तूल रिकामं, असं वाटतं. पण स्लाइड परत पुढं गेली तेव्हा मॅगझिन आतच होतं, आणि त्यानं पुढचं काडतूस चेंबरमध्ये चढवलं. आता खात्री करायला चाप ओढला की बार. क्रम उलटा हवा. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड ओढून मागंच अडकवायची, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि अंधार असेल तर करंगळीनं चाचपायचं. आपल्या पोलिसांकडच्या, ब्राउनिंगवरून बनवलेल्या ९ मिलिमीटर पिस्तुलात मॅगझिन काढलं की चाप चालेनासा करणारी सोय असते, ती याच चुकीसाठी. प्रत्येक पिस्तुलात ती नसते.

कपाटात ठेवायच्या वेळी वरच्या सगळ्या कळा जवळजवळ निरुपयोगी ठरतात. त्या हत्यार हातात किंवा कमरेला असतानाच्या अपघातांसाठी बनलेल्या आहेत. कळ खाली करायला पोराला एक क्षण पुरतो आणि चोराला तर तेवढाही नको. ठेवायचं ते रिकामं, मॅगझिन काढून, कुलपात, आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात. चामडी म्यानात घालून वर्षभर ठेवू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामडं ओल धरतं, आणि गंजलेली किंवा वाळलेल्या तेलानं चिकटलेली कळ ‘लागली’ असं दिसतं पण पूर्ण बसलेली नसते. हे तपासायची रीत परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याला माहीत असते. रिकाम्या पिस्तुलाचा घोडा ताणून तो सेफ्टी लावतो, चाप ओढतो, सोडतो आणि मग सेफ्टी काढतो. त्या क्षणी घोडा पडला, तर आतला भाग झिजलेला आहे.

पुण्यात किंवा बेंगळुरूत नोकरीला असलेल्या तुमच्यापैकी कुणाला आजोबांच्या माघारी असं एखादं पिस्तूल कपाटात सापडलं, तर ते भरलेलंच आहे असं धरा आणि हात लावू नका. परवाना आजोबांच्या नावावर होता, तो वारशानं येत नाही. शस्त्र कायद्याप्रमाणं ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करावं लागतं, आणि ठेवायचं असेल तर वारसानं स्वतःच्या नावावर नवा परवाना मागायचा असतो. ठाण्यात आधी फोन करून विचारा. रिकामं करायला येणारा माणूस कपाटापर्यंत येऊ शकतो, ते भरलेलं पिस्तूल मोटारसायकलच्या डिकीत घालून भालकीच्या रस्त्यावरून नेण्यापेक्षा ते पुष्कळ बरं.