नोकरी गेली, हे कसे सांगावे?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. माझा मोठा भाऊ पुण्याला एका कंपनीत नोकरीला होता. वसुबारसेच्या संध्याकाळी त्याचा घरी फोन आला. कंपनीच्या प्रमुखांचे एक पत्र सर्वांना संगणकावर आले होते आणि दादा ते मोठ्याने वाचून दाखवीत होता. पत्र इंग्रजीत होते. आईला इंग्रजी येत नाही. पण वाचणाऱ्याने मध्येच उच्चारलेले ‘ग्रोथ’, ‘एक्सायटिंग’, ‘जर्नी’ असे शब्द तिच्या कानांवर पडले. पत्र संपल्यावर तिने विचारले, “म्हणजे बढती मिळाली का रे?”

दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “नक्की कळत नाही गं. बहुतेक नोकरी गेली.”

वाचकहो, हा प्रसंग मी सहानुभूतीसाठी सांगत नाही. दादाला पुढे दुसरे काम मिळाले. माझा प्रश्न भाषेचा आहे. एम. ए. झालेला, सात वर्षे नोकरी केलेला माणूस स्वतःच्या नोकरीविषयीचे पत्र दोनदा वाचतो आणि आपली नोकरी आहे की गेली हे त्याला सांगता येत नाही, ही किमया त्या पत्राने कशी साधली? सुट्टीत मी ते पत्र मराठीत आणून पाहिले. आकडे व तारखा बदलल्या आहेत, कंपनीचे नाव सांगत नाही. सूर मात्र मूळचाच आहे:

“नमस्कार मंडळी! आज एक रोमांचक बातमी सांगताना मला अतिशय आनंद होत आहे. गेल्या तीन वर्षांत आपण केवढी मजल मारली! आता आपण अधिक चपळ होऊन पुढच्या प्रवासाला निघत आहोत. या प्रवासाचा भाग म्हणून काही भूमिकांची फेररचना करण्यात येत असून तिचा परिणाम सुमारे साठ सहकाऱ्यांवर होईल. त्यांच्यासाठी ही नव्या संधींची सुरुवात आहे! मनुष्यबळ विभाग संबंधितांशी लवकरच संपर्क साधील. चला, पुढचा अध्याय एकत्र लिहू या!”

भाषांतर करताना मी पहिल्याच ‘वुई’पाशी अडलो. इंग्रजीत ‘वुई’ हा एकच शब्द आहे. मराठीत मात्र दोन आहेत. ‘आपण’ म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा दोघेही. ‘आम्ही’ म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून बाकीचे. पत्राचा सूर पाहता ‘आपण’ लिहिणेच भाग होते. पण लिहिल्याबरोबर वाक्य खोटे झाले. ‘आपण पुढच्या प्रवासाला निघत आहोत’ हे ज्या साठ जणांना गाडीतून उतरवले, त्यांनाही उद्देशून म्हटले होते! इंग्रजीने जी लबाडी अंगात मुरवून घेतली होती, ती मराठीच्या एका सर्वनामाने उघडी पाडली.

दुसरी अडचण क्रियापदाची. ‘फेररचना करण्यात येत आहे.’ कोण करीत आहे? ज्यांना आपण शाळेत कर्मणी आणि भावे प्रयोग म्हणून पाठ केले, त्यांचा हा खरा उपयोग असतो: निर्णय होतो, पण निर्णय घेणारा कुठेच नसतो. आपल्या सरकारी मराठीलाही ही सवय आहेच, तेव्हा दोष केवळ इंग्रजीला देऊन चालणार नाही.

असे पत्र लिहिणारी ती कंपनी काही एकटी नव्हे. १७ जुलै २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टच्या स्टीफन एलॉप या अधिकाऱ्याने आपल्या विभागाला लिहिलेले पत्र अशा पत्रांचा नमुना म्हणून आजही दाखवले जाते. नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी विकत घेतला होता आणि एलॉप हे पूर्वी नोकियाचेच प्रमुख होते. ‘हॅलो देअर’ अशा खेळकर संबोधनाने पत्र सुरू झाले. मग कोणते फोन कोणासाठी काढायचे, धोरण काय, याविषयी परिच्छेदामागून परिच्छेद झाले. आणि पत्र बरेच खाली उतरल्यावर सुमारे १२,५०० माणसे कमी होणार हे एका वाक्यात आले. त्या माणसांनी वरचे सगळे परिच्छेद कोणत्या मनाने वाचले असतील?

याच्या उलट दुसरे पत्र ५ मे २०२० चे, एअरबीएनबीच्या ब्रायन चेस्की यांचे. करोनामुळे जगाचा प्रवास थांबला होता आणि लोकांना घरे भाड्याने मिळवून देण्याचा त्यांचा धंदा बसला होता. त्यांनी वाईट बातमी आहे हे सुरुवातीलाच सांगितले. सुमारे ७,५०० पैकी १,९०० जणांना जावे लागेल, कारण काय, माणसे कोणत्या निकषावर निवडली, किती आठवड्यांचा पगार मिळेल, वैद्यकीय विमा किती काळ राहील आणि प्रत्येकाला स्वतःपुरते कधी कळेल, हे सगळे त्यात ओळीने होते. जाणाऱ्यांना किमान चौदा आठवड्यांचा मूळ पगार मिळणार होता. पत्राने कोणाची नोकरी वाचली नाही. पण वाचणाऱ्याला अंदाज बांधीत बसावे लागले नाही.

या दोन पत्रांतला फरक ‘एक हसरे आणि एक गंभीर’ एवढाच मानला, तर आपण चुकू. मीही प्रथम तीच चूक केली. दादाच्या पत्राचे पहिले पुनर्लेखन करताना मी आनंद काढून तिथे दुःख घातले: ‘अत्यंत जड अंतःकरणाने कळवावे लागते’, ‘माझ्या आयुष्यातील हा सर्वांत कठीण दिवस’ वगैरे. ते आमच्या मराठीच्या सरांना दाखवले. सर म्हणाले, “नोकरी कोणाची गेली? साहेबांची की तुझ्या दादाची?” मी वरमलो. आनंदी पत्रात साहेब स्वतःचे कौतुक करीत होते, माझ्या दुःखी पत्रात स्वतःची कीव. दोन्हीकडे मधोमध साहेबच बसले होते.

मग मी ठरवले की विशेषणे बाजूला ठेवायची आणि पत्र मिळालेला माणूस घरी जाताना जे प्रश्न मनात घोळवील त्यांची उत्तरे लिहायची. माझी नोकरी गेली का? का गेली? कोणी ठरवले? शेवटचा दिवस कोणता? पैसे किती, केव्हा? घरच्यांचा विमा? विचारायचे कोणाला? इथे एक गोष्ट लक्षात आली. मूळ पत्रात यांतल्या एकाचेही उत्तर नव्हते. सूर बदलता येतो. पण जी माहिती दिलीच नाही ती पुनर्लेखन करणारा कुठून आणणार? त्या जागा मी कोऱ्या सोडल्या आणि पुढे दादाला मिळालेल्या कागदांवरून भरल्या. खेळकरपणा हा त्या कोऱ्या जागांवर घातलेला रंगीत कपडा होता, एवढेच.

शेवटी झालेला मसुदा असा:

“आज आम्ही कंपनीतील २१० पैकी ६० जणांच्या नोकऱ्या संपवत आहोत. हा निर्णय मी घेतला आहे.

कारण असे: वर्षभरात दोन मोठ्या ग्राहकांनी आपली कामे काढून घेतली. ती टिकतील असे धरून मी गेल्या वर्षी जास्त माणसे नेमली. तो अंदाज माझा होता आणि तो चुकला. जाणाऱ्यांच्या कामात खोट होती म्हणून ही कपात नाही. त्या दोन कामांवरचे विभाग आम्ही बंद करीत आहोत.

ज्यांना जावे लागत आहे त्या प्रत्येकाशी त्यांच्या विभागप्रमुखांनी आज सकाळी प्रत्यक्ष बोलून लेखी पत्र दिले आहे. तुम्हाला असे पत्र मिळाले नसेल, तर तुमची नोकरी या कपातीत नाही.

जाणाऱ्यांचा शेवटचा दिवस ३० नोव्हेंबर. तोपर्यंतचा पूर्ण पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे एक महिन्याचा पगार १० डिसेंबरपर्यंत बँकेत जमा होईल. कुटुंबाचा वैद्यकीय विमा ३१ मार्चपर्यंत चालू राहील. अनुभवाचा दाखला शेवटच्या दिवशी हातात मिळेल. मी आज व उद्या दिवसभर कचेरीत आहे. कोणीही येऊन विचारावे.

तुम्ही केलेल्या कामाबद्दल मी आभारी आहे.”

यात ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ वेगळे ठेवले आहेत, कारण त्या दिवशी ते वेगळे झालेलेच असतात. ‘आपण’ हा शब्द आदरार्थी म्हणूनही टाळला, म्हणजे घोटाळा नको. आभार एकदाच मानले आणि शेवटी मानले. ‘नवी संधी’ काढून टाकली. संधी आहे की नाही हे ज्याची नोकरी गेली त्याने ठरवावे. नोकरी घेणाऱ्याने ते सांगू नये. विभागप्रमुखांनी आधी भेटून सांगणे ही मात्र पत्राबाहेरची गोष्ट आहे. ती झाली नसेल तर वरचे वाक्य लिहिताच येणार नाही. नुसते ‘सुमारे साठ जणांवर परिणाम’ असे जाहीर केले की साठ जणांसाठी दोनशे दहा घरांत त्या रात्री झोप येत नाही.

सरांनी एक शंका काढली. “चूक माझी, असे कोणता साहेब लिहील? वकील लिहू देईल का?” शंका रास्त आहे. वकील ते वाक्य गाळायला सांगतील आणि कदाचित ते गाळावेही लागेल. तरी कारण सांगणे हे काही नवे औदार्य नव्हे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानेच वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपातीपूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, नोटिशीत कारण, आणि नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार देणे बंधनकारक केले होते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हे तत्त्व कायम आहे. व्यवस्थापकीय कामावरच्यांना ते संरक्षण नाही, हे खरे. पण गिरणीतल्या कामगाराला कारण आणि तारीख सांगायची असते एवढे त्या कायद्याला पाऊणशे वर्षांपूर्वी कळले होते. मग काचेच्या इमारतीतल्या माणसाला उद्गारचिन्हे का द्यावीत?

आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्यापैकी कित्येक जण उद्या कुठल्या ना कुठल्या कचेरीत बसून पत्रांचे मसुदे करतील. असे पत्र आपल्याही टेबलावर येईल आणि ‘जरा चांगल्या शब्दांत लिहा’ असे वरून सांगितले जाईल. तेव्हा चांगले शब्द शोधण्याआधी त्या साहेबांना तारीख आणि रक्कम विचारावी, असे मला वाटते. ती मिळाली तर पत्र आपोआप सरळ होते. मिळाली नाही, तर कितीही चांगले शब्द वापरले तरी ते कोरेच राहते.

दिवाळी सरल्यावर हा मसुदा मी दादाला वाचून दाखवला. तो म्हणाला, “नोकरी तर गेलीच असती. पण आईला एकदाच सांगावे लागले असते.”